फ्लँज प्लेटचे वजन

दोन पाइप बोल्टने जोडता यावेत म्हणून पाइपच्या टोकाला वेल्ड केलेल्या गोल, सपाट तबकडीला फ्लँज म्हणतात. मधोमध पाइपसाठी मोठे भोक (बोअर) असते आणि कडेने एका वर्तुळावर बोल्टची होल पाडलेली असतात. प्लेटमधून कापून केलेल्या अशा फ्लँजचे वजन ड्रॉइंगवरच्या मापांवरून काढता येते. भरीव तबकडीचे वजन काढायचे, त्यातून बोअरचे आणि होलचे वजन वजा करायचे, एवढाच हिशोब आहे. तरीही कोटेशनमध्ये दिलेले वजन आणि काट्यावरचे वजन वारंवार जुळत नाही. त्यामागची कारणे ठरावीक आहेत.

सर्व मापे मिलिमीटरमध्ये आणि वजन किलोमध्ये घेतले, तर साध्या पोलादासाठी म्हणजे एमएससाठी सूत्र असे होते :

```
W = 6.165E-6 * t * (D^2 - B^2 - n*h^2)
```

येथे D हा बाहेरचा व्यास, B बोअर, n होलची संख्या, h एका होलचा व्यास आणि t जाडी. सुरुवातीचा गुणक π/4 आणि घनता यांच्या गुणाकारातून येतो. पोलादाची घनता दर घनमीटरला 7850 किलो धरतात, म्हणजे दर घन मिलिमीटरला 0.00000785 किलो. याला 0.7854 ने गुणले की 0.000006165 मिळते. त्रिज्या कुठेच लागत नाही, हा या मांडणीचा मोठा फायदा. ड्रॉइंगवर व्यासच लिहिलेले असतात, त्यामुळे निम्मे करायला विसरण्याचा प्रश्नच येत नाही. πr² मध्ये चुकून व्यास घातला तर उत्तर चौपट येते.

उदाहरणासाठी चार इंची पाइपची फ्लँज घेऊ. पीएन 16 वर्गात 100 मिमी नाममात्र मापाला बाहेरचा व्यास 220, बोल्टवर्तुळ 180 आणि 18 मिमीची 8 होल असतात. पाइपचा बाहेरचा व्यास 114.3 असल्याने बोअर 116 धरू, आणि जाडी 20.

220 चा वर्ग 48400, 116 चा वर्ग 13456, आणि 18 चा वर्ग 324 गुणिले 8 म्हणजे 2592. वजाबाकी केली की 32352 उरतात. त्याला 20 ने आणि मग गुणकाने गुणले की वजन 3.99 किलो. सुटे सुटे पाहिले तर भरीव तबकडी 5.97 किलोची, बोअरमधून 1.66 किलो जातात आणि आठ होलमधून 320 ग्रॅम, म्हणजे दर होलमागे 40 ग्रॅम.

कॅल्क्युलेटर हाताशी नसेल तर साइटवर सळईसाठी वापरतात तोच ‘डी स्क्वेअर बाय 162’चा नियम येथेही चालतो. तो मीटरमागचे वजन देतो, म्हणून 32352 ला 162 ने भागून 0.020 मीटर जाडीने गुणायचे. उत्तर 3.994 येते, फरक पाच ग्रॅमचा.

बोल्टवर्तुळाचा म्हणजे पीसीडीचा आकडा सूत्रात नाही, म्हणून नवख्या माणसाला काहीतरी राहिल्यासारखे वाटते. होल आतल्या बाजूला असो की बाहेरच्या, जाडी तीच आणि व्यास तोच, तर निघणारे धातूही तेवढेच. होल पूर्णपणे प्लेटच्या आत असावे आणि दोन होल एकमेकांत शिरू नयेत, एवढीच अट.

खरी चूक होते ती h च्या ठिकाणी. होल 18 मिमीचे असले तरी त्यात बोल्ट एम 16 चा बसतो, आणि मटेरियल लिस्टमध्ये बोल्टचेच माप ठळक दिसते. होलऐवजी 16 घातले तर प्रत्येक फ्लँज कागदावर 67 ग्रॅमने जड होते. शंभर नगांच्या ऑर्डरमध्ये ही तफावत पावणेसात किलोंची.

गॅस्केट बसण्यासाठी उंच ठेवलेला भाग, म्हणजे रेझ्ड फेस, असेल तर हिशोब थोडा नाजूक होतो. याच फ्लँजला 158 व्यासाचा आणि 3 मिमी उंचीचा फेस आहे आणि 20 मिमी जाडी त्या उंचीसकट दिली आहे असे समजा. मग 158 च्या बाहेरच्या भागावरून 3 मिमीचा थर लेथवर उतरवावा लागतो. या थरासाठी 220 आणि 158 च्या वर्गांचा फरक काढला तर 23436 येतो. पण होल याच पट्ट्यात आहेत. वर्तुळाची त्रिज्या 90, त्यातून होलची त्रिज्या 9 गेली की 81 उरते, आणि फेसची कड 79 वर आहे. होलचा धातू पूर्ण 20 मिमी जाडीने आधीच वजा झाला आहे, म्हणून थरातून 2592 कमी करून 20844 च धरायचे. थराचे वजन 0.39 किलो आणि फ्लँज 3.60 किलोची. हे 2592 कमी केले नाहीत तर होलमधला तोच धातू दोनदा वजा होतो. वजनात पीसीडीला अर्थ येतो तो अशा ठिकाणी : होल कुठल्या पट्ट्यात पडते हे ठरवायला.

धातू बदलला की फक्त गुणक बदलतो. 304 स्टेनलेसची घनता बाजारात बहुधा 7930 धरतात, काही जण 8000 धरतात. पहिल्या आकड्याने आपली सपाट फ्लँज 4.03 किलोची होते, दुसऱ्याने 4.07 ची. व्यवहारात कोणता आकडा धरला आहे ते आधी विचारलेले बरे. ॲल्युमिनियमसाठी 2700 घेतले की तीच फ्लँज 1.37 किलोची.

काट्यावर पन्नास नग 199 किलोंच्या आसपास भरायला हवेत. 215 भरले, तर होल पाडायचीच राहिली आहेत का ते पाहावे, कारण होलविना एक नग 4.31 किलोचा असतो. 205 च्या आसपास भरले तर आधी व्हर्नियरने जाडी मोजावी : 20 ची प्लेट 20.6 भरली की वजन तीन टक्क्यांनी वाढते, आणि रोलिंगमध्ये एवढा फरक पडू शकतो. जाडीवर दोन्ही बाजूंनी मशिनिंग झाले असेल तर मात्र हे कारण टिकत नाही.

हे सारे तयार मालाचे वजन झाले. प्रोफाइल कटिंगवाल्याचे बिल त्यावर होईलच असे नाही. भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत सुट्या नगासाठी चौकोनी तुकड्याचे वजन लावण्याची पद्धत आढळते. टर्निंगची सूट धरून 230 चा चौकोन घेतला तर 8.3 किलो प्लेट लागते, म्हणजे तयार फ्लँजच्या दुपटीहून जास्त. एका प्लेटमध्ये बरेच नग दाटीने लावले तर हा आकडा खाली येतो. बोअरमधून निघालेली चकती सुमारे 105 मिमीची मिळते आणि तिच्यातून 95 व्यासाची अर्ध्या इंची पाइपची फ्लँज निघू शकते, फक्त जाडी फेस करून उतरवावी लागते. म्हणून दर ठरवताना चकती कोणाकडे राहणार हेही लिहून घेतात.