कॉलमला जॅकेट घातल्यावर तो नेमका किती भार घेतो?

(स्ट्रक्चरल ऑडिटमध्ये 'कॉलम जॅकेटिंग' सुचवलेल्या सोसायट्यांच्या सभासदांसाठी)

जॅकेट म्हणजे जुन्या कॉलमभोवती नव्या सळ्या बांधून ओतलेला काँक्रीटचा थर. ऑडिट रिपोर्ट हातात आला की कमिटीचा पहिला प्रश्न असतो, "जॅकेटला कॉलममागे किती खर्च?" तो रास्तच आहे. पण त्याआधी विचारायला हवे ते असे: आज हा कॉलम किती भार घेऊ शकतो, त्याच्यावर किती आहे, आणि जॅकेट घातल्यावर वरचा भार खरोखर त्या जॅकेटमध्ये उतरणार का? शेवटचा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही, आणि बहुतेक फसलेली जॅकेटे तिथेच फसलेली असतात. म्हणून एका कॉलमचा हिशेब पहिल्यापासून शेवटपर्यंत मांडतो. आकडे आम्ही गोल केले आहेत. दहावीचे गणित आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर ते तपासता येतील.

आजची ताकद

खाली पार्किंग आणि वर चार मजले असलेली इमारत घेऊ. पार्किंगमधला कॉलम २३० बाय ४५० मिमी, म्हणजे आपला नऊ बाय अठरा इंची. मूळ काँक्रीट एम १५, उभ्या सळ्या १६ मिमीच्या सहा, एफई ४१५ प्रतीच्या. खालच्या तीन-चार फुटांत प्लास्टर फुगले आहे आणि हातोडीने ठोकले की बद्द आवाज येतो. प्लास्टर काढल्यावर कव्हरचे काँक्रीट पापुद्र्यासारखे हातात येते आणि सळई गंजाने खाल्लेली दिसते. गंज घासून व्हर्निअरने मोजली तर १६ ची १४ झालेली. कॉलममधून काढलेल्या कोअरच्या चाचणीवरून काँक्रीटची ताकद १५ ऐवजी १० न्यूटन प्रति चौरस मिमी धरावी लागते.

आयएस ४५६ मध्ये आखूड कॉलमवरच्या सरळ, मध्यावरून येणाऱ्या भारासाठी हे सूत्र आहे:

```
Pu = 0.4 fck Ac + 0.67 fy Asc
```

पहिला भाग काँक्रीटचा, दुसरा सळ्यांचा. Pu म्हणजे कॉलमची ताकद, fck आणि fy म्हणजे काँक्रीटची आणि सळईची ताकद न्यूटन प्रति चौरस मिमीमध्ये, एम १५ साठी १५ आणि एफई ४१५ साठी ४१५. Ac आणि Asc म्हणजे कॉलमच्या आडव्या छेदातले काँक्रीटचे आणि सळ्यांचे क्षेत्रफळ. मूळ मापे घातली तर कॉलमची ताकद ९४९ किलोन्यूटन येते. आजची मापे घातली की उरतात ६६७. प्रत्यक्ष रोजचा भार सुमारे ६०० किलोन्यूटन, म्हणजे जवळपास ६० टन, आणि नियमाप्रमाणे तो दीडपट धरून कॉलमने ९०० पेलायला हवेत. थोडक्यात, इमारत उभी आहे ती सुरक्षिततेसाठी मुद्दाम राखलेल्या जास्तीच्या ताकदीवर. ती राखीव ताकद खाल्ली जात आहे, हे ऑडिटरच्या 'तातडीने दुरुस्ती' या शब्दांमागचे गणित.

हे सूत्र अरुंद कॉलमला जरा उदार आहे, हेही सांगायला हवे. भार मध्यापासून किमान २० मिमी सरकलेला आहे असे कोड धरायला लावतो, आणि सूत्र लागू पडते ते हे सरकणे कॉलमच्या बाजूच्या ५ टक्क्यांत असेल तर. २३० चे ५ टक्के साडेअकरा मिमीच होतात. त्यामुळे नऊ इंची कॉलमची खरी ताकद ६६७ पेक्षाही कमी समजावी. जॅकेटनंतर अरुंद बाजू ४३० होते, तिचे ५ टक्के साडेएकवीस, आणि मग सूत्र नियमात बसते.

सर्वात धोक्याचे दिवस कामाचेच

जॅकेट घालण्याआधी सैल कव्हर तोडावे लागते. चारही बाजूंनी २५ मिमी निघाले की उरतो १८० बाय ४०० चा गाभा, आणि त्याची ताकद येते ५४१ किलोन्यूटन. म्हणजे रोजच्या ६०० पेक्षाही कमी. सूत्रात सामग्रीचे सुरक्षा गुणक आधीच असल्यामुळे कॉलम त्याच क्षणी बसतो असे नाही, पण हा आकडा पाहिल्यावर टेकू न लावता छिन्नी चालवायला आम्ही कोणालाही परवानगी देत नाही.

टेकू फक्त पार्किंगमध्ये लावून भागत नाही. कॉलमवरचा भार चारही मजल्यांतून येतो. खालचे एकच बीम टेकूवर घेतले तर वरचा सगळा भार त्या एका बीममधून टेकूत जाईल, आणि बीम त्यासाठी बनवलेलाच नसतो. म्हणून प्रत्येक मजल्यावर त्या कॉलमलगतच्या बीमखाली लोखंडी टेकू लागतात. एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी विचारले होते, "काम खाली चाललंय, मग खांब माझ्या ओट्याशेजारी कशाला?" आम्ही त्यांना खाली नेऊन गंजलेली सळई दाखवली आणि वरून खाली भार कसा येतो ते बोटाने दाखवले. त्यांनी ओटा आवरून दिला. सभासदांशी हे बोलणे काम सुरू होण्याआधी झालेले बरे. शेजारशेजारचे दोन कॉलम एकाच वेळी तोडायचे नाहीत, हेही करारात लिहून घ्या.

जॅकेट किती, आणि त्यातले धरायचे किती

आयएस १५९८८ : २०१३ नुसार जॅकेटची जाडी किमान १०० मिमी आणि नव्या काँक्रीटची ताकद जुन्यापेक्षा किमान ५ न्यूटनने जास्त हवी. समुद्राची आणि खाडीची हवा लक्षात घेऊन आपण एम ३० घेऊ. बाहेरचे माप होते ४३० बाय ६५०. प्रत्येक कोपऱ्यात १६ मिमीच्या दोन अशा आठ नव्या सळ्या, एफई ५०० च्या. चार बाजूंच्या मध्यावर १२ मिमीची एकेक सळई अंतर राखण्यासाठी, ती हिशेबात धरायची नाही. रिंगा ८ मिमीच्या. मधल्या भागात फार तर १०० मिमीवर, आणि जोडांजवळच्या पाव-पाव उंचीतही १०० च्या आतच.

सरळ बेरीज केली तर नव्या काँक्रीटचे २४७१ आणि नव्या सळ्यांचे ५३९ किलोन्यूटन येतात. काही रिपोर्टांत हेच आकडे जुन्यात मिळवून एकूण ३५५० लिहिलेले असते. ते बरोबर नाही. जुना गाभा आधीपासून भाराखाली दाबलेला असतो, नवे काँक्रीट मात्र कोऱ्या अंगाने येते आणि वाळताना थोडे आक्रसतेही. दोघे बरोबरीने भार उचलत नाहीत. म्हणूनच त्या कोडात गरजेच्या दीडपट काँक्रीट आणि चार तृतीयांश सळई द्यायला सांगितले आहे. उलट बाजूने पाहिले तर नव्या काँक्रीटचे दोन तृतीयांश (१६४७) आणि नव्या सळ्यांचे तीन चतुर्थांश (४०४) धरायचे. गाभ्याचे ५४१ मिळवून बेरीज २५९२. गरज ९०० ची.

तिप्पट झाली की! मग काळजी कसली? जाडीची किमान मर्यादाच १०० मिमी असल्यामुळे कागदावर ताकद नेहमीच भरपूर दिसते. खरा प्रश्न पुढे आहे.

भार जॅकेटमध्ये शिरतो कुठून

जुना गाभा ५४१ घेतो, म्हणून उरलेले ३५९ किलोन्यूटन जॅकेटने घ्यायला हवेत. समजा जॅकेट पार्किंगच्या बीमखाली संपले आणि वर दोन बोटे फट राहिली. त्या दोन बोटांच्या उंचीत कॉलम अजूनही १८० बाय ४०० चा गाभाच आहे. खाली कितीही जाड काँक्रीट असो, कॉलमची ताकद तिथे ५४१ च राहते. शटरिंगच्या बाजूने काँक्रीट ओतले तर बीमखाली हवा अडकून अशी फट हमखास राहते, आणि मिस्त्री ती वरून सिमेंटने बुजवून टाकतो. प्लास्टर झाल्यावर ती दिसत नाही.

यावर उपाय म्हणजे जॅकेट पहिल्या मजल्यापर्यंत वर नेणे. बीम आडवे येतात, त्यामुळे बाजूंनी जाता येत नाही. पण कॉलमच्या चार कोपऱ्यांत स्लॅबला भोके पाडून कोपऱ्यातल्या सळ्या सलग वर जातात. सळ्या कोपऱ्यात जोडीने ठेवल्या त्या यासाठीच. जोडातून नुसत्या त्या आठ सळ्याच ४०४ किलोन्यूटन नेतात, लागतात ३५९. काँक्रीटही त्याच भोकांतून वरून ओतता येते, म्हणजे फटीचा प्रश्नच मिटतो.

वरच्या मजल्यावर भार जुन्या काँक्रीटमधून नव्यात घासून शिरतो. नीट टाचे मारून खडी उघडी केलेल्या पृष्ठभागावर आम्ही ०.४ न्यूटन प्रति चौरस मिमी एवढीच पकड धरतो. तिथे कॉलम शाबूत आहे, त्याचा घेर १३६० मिमी, म्हणजे मीटरभर उंचीत ५४४ किलोन्यूटन. ३५९ साठी पाऊण मीटरही लागत नाही. तरीही आम्ही पूर्ण मजलाभर जॅकेट नेतो, कारण ते मध्येच थांबवले तर भूकंपाच्या हेलकाव्यात नेमकी तीच जागा फाटते. खाली जॅकेट फुटिंगच्या, म्हणजे कॉलमच्या पायाच्या, माथ्यापर्यंत खोदून न्यायचे आणि सळ्या फुटिंगमध्ये भोके पाडून रसायनाने पक्क्या करायच्या. फरशीवर टेकवून थांबवायचे नाही.

ही ०.४ ची पकड एका गोष्टीने हमखास जाते. जुन्या काँक्रीटला इपॉक्सीचा बाँडिंग कोट लावतात, मग सळ्या-शटरिंग बांधायला दुपार उलटते, आणि काँक्रीट पडेपर्यंत कोट सुकून काचेसारखा गुळगुळीत होतो. जोडायला लावलेला थर मग सुटायला मदत करतो. कोट बोटाला चिकटतो आहे तोवरच काँक्रीट पडले पाहिजे. ते जमणार नसेल तर कोट नकोच. चांगले टाचे, हवेने साफ केलेली धूळ आणि आदल्या रात्रीपासून भिजवलेला पण वरून पाणी न साचलेला पृष्ठभाग जास्त भरवशाचा.

तुम्ही स्वतः काय पाहू शकता

शटरिंग लावण्याआधी रिंगांची टोके पाहा. ती १३५ अंशांत आत वळलेली हवीत. काटकोनात वळवलेली टोके जोराच्या दाबाखाली उघडतात. खडी १० मिमीची हवी, २० ची सळ्यांमध्ये अडकून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी पोकळी ठेवते. शटरिंग निघाल्यावर प्लास्टरला घाई करू देऊ नका. एक दिवस कॉलम उघडा ठेवून वरपासून खालपर्यंत, आणि विशेषतः बीमखालचा वीतभर भाग, लहान हातोडीने ठोकून ऐका. बद्द आवाज आला तर तिथे भोक पाडून दाबाखाली ग्राउट भरून घ्यायचे. गोणपाटाने ओले ठेवणे किमान दहा दिवस. टेकू काढायचे ते काँक्रीट ओतले त्या दिवशी नमुना म्हणून भरलेल्या क्यूबच्या चाचणीचा निकाल हाती आल्यावर.

जॅकेटने काय होत नाही

एका कॉलमचे जॅकेट फुटिंगपासून पार्किंगच्या बीमपर्यंत सुमारे दोन टनांचे भरते. वरचे ६० टन तेच राहतात, म्हणून फुटिंगवर फार फरक पडत नाही. पण कॉलम मजबूत झाला म्हणून वर एक मजला चढवायचा, तर फुटिंग आणि खालची माती तेवढीच आहे. तो वेगळा हिशेब आहे आणि या दुरुस्तीच्या भरवशावर करता येत नाही. इथला हिशेब फक्त सरळ भाराचा आहे. कडेच्या आणि कोपऱ्याच्या कॉलमना वाकही येतो, तो आम्ही वेगळा तपासून रिपोर्टला जोडतो.

पार्किंगमध्ये कॉलम दोन्ही दिशांनी २०० मिमीने वाढतो. गाड्यांच्या जागा आखताना हे आधी खडूने जमिनीवर काढून दाखवा असे आम्हाला सांगा. काम सुरू होण्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही ते करतो, म्हणजे कोणाच्या गाडीचे दार उघडणार नाही ते तेव्हाच कळते.