निरोप पुसणाऱ्याला अडवणारा कंद

कॉकेशसच्या डोंगरउतारांवर बर्फ वितळताना स्नोड्रॉपची पांढरी, मान खाली घातलेली फुलं उमलतात. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला सोव्हिएत संशोधकांनी याच फुलाच्या कंदातून गॅलॅन्टामाइन वेगळं केलं. पुढे बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्यापासून ‘निवालिन’ हे औषध घडवलं, आणि ते पोलिओनंतर लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठी वापरलं जाऊ लागलं. अल्झायमरसाठी मात्र अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती थेट 2001 साली.

स्नायू आणि स्मरणशक्ती यांचा संबंध काय? दोन्हीकडे निरोप्या एकच आहे: ॲसिटिलकोलिन. एक चेतापेशी हे रसायन सोडते, ते मधली चिंचोळी फट ओलांडून पुढच्या पेशीवर पोहोचतं आणि निरोप मिळतो. निरोप मिळाला की तो लगेच पुसावा लागतो, नाहीतर पुढचा ऐकूच येणार नाही. हे काम ॲसिटिलकोलिनएस्टरेज नावाचं विकर करतं. त्याचा एक रेणू सेकंदाला हजारो ॲसिटिलकोलिन रेणू तोडतो.

या विकराच्या पोटात एक खोल, अरुंद घळ आहे आणि तोडण्याचं काम तिच्या तळाशी चालतं. गॅलॅन्टामाइन नेमकं तिथे जाऊन बसतं. ॲसिटिलकोलिनला आत जागा मिळत नाही, त्यामुळे ते फटीत थोडं जास्त वेळ टिकतं. गॅलॅन्टामाइन तिथे कायमचं चिकटत नाही, थोड्या वेळाने सुटून बाहेर येतं. ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं याच विकराला घट्ट जखडून टाकतात, म्हणून फवारणीत विषबाधा होते. औषध आणि विष यांतलं अंतर इथे पकडीच्या घट्टपणाचं आहे.

अल्झायमरमध्ये ॲसिटिलकोलिन बनवणाऱ्या पेशीच मरत जातात. गॅलॅन्टामाइन त्यांना वाचवत नाही, उरलेल्या पेशींचा क्षीण आवाज जरा ऐकू येईल एवढंच करतं. म्हणून त्याचा उपयोग सौम्य ते मध्यम अवस्थेत. चाचण्यांमध्ये 70 गुणांच्या स्मृतिपरीक्षेत पाच-सहा महिन्यांनी साधारण तीन गुणांचा फरक दिसला. घरच्यांना तो कधी जाणवतो, कधी नाही. तरीही आजोबांनी आणखी काही महिने स्वतःच्या हाताने शर्टाची बटणं लावली, तर मला ते मोलाचं वाटतं.

साध्या गोळीची सुरुवात 4 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जेवणासोबत, अशी होते. किमान चार आठवड्यांनी डॉक्टर ती दिवसातून दोनदा 8 मिलिग्रॅमवर नेतात. घाई केली तर पोट बंड करतं, कारण आतड्यांनाही हाच निरोप जातो: मळमळ, उलट्या, वजन घटणं. हृदयाचे ठोकेही मंदावू शकतात. चक्कर आली, रुग्ण पडला, तर नाडी मोजायलाच हवी. गोळ्या तीन दिवसांहून जास्त चुकल्या तर जुन्या मात्रेवर उडी न मारता डॉक्टरांना विचारून पुन्हा 4 पासून चढावं लागतं.

आणखी एक चूक सहज घडते. त्याच रुग्णाला वारंवार लघवी होते म्हणून ऑक्सिब्युटिनिन दिलं जातं. ते ॲसिटिलकोलिनचा निरोप घेणारी दारंच बंद करतं. एक गोळी निरोप टिकवते, दुसरी तो पोहोचू देत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी सोबत न्यावी.