कुकी पसरली: गोळा गरम होता की ओव्हन थंड?

नाशिकच्या थंडीत छान जाड झालेल्या कुकीज एप्रिलच्या दुपारी त्याच मापाने केल्या, तर ट्रेवर पापडासारख्या पसरतात. मग बरेच जण मैदा वाढवतात. मला ते पटत नाही, कारण त्याने कुकी कोरडी होते आणि मूळ दोष तसाच राहतो. हा दोष बहुधा दोनपैकी एक असतो: गोळा गरम होता, किंवा ओव्हन पुरेसा तापला नव्हता. दोन्हींत अंडं आणि मैदा घट्ट होऊन आकार धरण्याआधीच बटर वितळून वाहतं, म्हणून गल्लत होते.

ओळखायचं कसं? गोळा गरम असेल तर कुकी पहिल्या तीन-चार मिनिटांतच पसरते. कडा जाळीदार आणि तपकिरी, मध्यभाग मात्र कच्चा. ओव्हन थंड असेल तर ती सावकाश पसरते, वेळ संपला तरी फिकट राहते आणि खालून तेलकट लागते.

तरी शंका उरली तर एकाच ट्रेवर दोन सारख्या आकाराचे गोळे ठेवा: एक भांड्यातला, दुसरा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवलेला. गार गोळा उभा राहिला आणि दुसरा बसला, तर दोष बटरचा. दोन्ही बसले, तर आधी ओव्हन तपासा.

बटर साखरेबरोबर फेटायला साधारण १८ ते २० अंश सेल्सिअस हवं. बोटाने दाबल्यावर खळगा पडावा, पण बोट चकाकता कामा नये. उन्हाळ्यात आपल्या ओट्यावर तुकडे केलेलं बटर दहा-पंधरा मिनिटांत ही पायरी ओलांडतं. मग ते हवा धरत नाही, कितीही फेटलं तरी. पातळ झालंच, तर भांडं थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवून पुन्हा फेटा. तयार गोळे तासभर फ्रीजमध्ये ठेवले की बटर घट्ट होतं, शिवाय मैदा ओलावा शोषून घेतो.

ओव्हनचं बटण १८० दाखवतं, पण छोट्या ओटीजीत आतलं तापमान त्याहून बरंच कमी असू शकतं. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा थर्मामीटर आणा आणि काटा १८० वर स्थिरावल्यावरच ट्रे आत सरकवा.

दोन्ही ठीक असूनही कुकी पसरली, तर साखरेकडे वळा. पांढरी साखर ओव्हनमध्ये विरघळून पाक होते आणि कुकी पसरट, कुरकुरीत होते. ब्राउन शुगरमधली मळी ओलावा धरून ठेवते आणि थोडी आंबट असल्याने खाण्याच्या सोड्याला फुलवते, म्हणून कुकी जाड, मऊ राहते. १०० ग्रॅम पांढरी साखर असेल तर त्यातली ५० ग्रॅम ब्राउन घेऊन पाहा.

दुसरा घाणा गरम ट्रेवर कधीच लावू नका. ओव्हनमध्ये जाण्याआधीच खालचं बटर वितळायला लागतं, आणि पहिला घाणा चांगला होऊन दुसरा बिघडतो तो त्यामुळेच.