डोळ्याच्या मागं गेलेली कॉन्टॅक्ट लेन्स

डोळ्यात घातलेली लेन्स बुबुळावरून सरकून दिसेनाशी झाली की बेळगाव, खानापूर, निपाणीकडं लोक सरळ म्हणतात, "लेन्स डोळ्याच्या मागं गेली". तशी ती जाऊच शकत नाही. डोळ्याच्या पांढऱ्या भागावर जो पातळ पारदर्शक पडदा असतो ना, कंजंक्टायव्हा म्हणतात त्याला, तोच पुढं जाऊन दोन्ही पापण्यांच्या आत वळतो आणि पापणीला आतून चिकटतो, म्हणजे वर आणि खाली एकेक बंद खिसाच तयार होतो. त्याच्यापलीकडं जायला वाटच नाही. वरचा खिसा खालच्यापेक्षा खोल असतो, म्हणून हरवलेली मऊ लेन्स बहुतेक वेळा वरच्या पापणीखाली दुमडून बसलेली सापडते.

हे होतं कधी? डोळा जोरात चोळला तर, लेन्स घालूनच झोप लागली तर, किंवा डोळा कोरडा पडला तर. आमच्याकडं उन्हाळ्यात टू-व्हीलरवरनं चिक्कोडी-निपाणी करताना धूळ जाते आणि माणूस न कळत चोळतो. आणखी एक, संकेश्वरी मिरची निवडलेल्या किंवा तंबाखू मळलेल्या बोटांनी डोळ्याला हात लावू नका, लेन्स शोधायची घाई असली तरी नाही, नाहीतर आग लेन्समुळं होते की बोटामुळं तेच कळणार नाही.

सगळ्यात आधी लेन्स खरंच डोळ्यात आहे का ते बघा. एकेक डोळा झाकून लांबचं वाचा, धूसर दिसतंय त्या डोळ्यातली लेन्स जागेवर नाही. मग बेसिन, शर्टाचा पुढचा भाग, फरशी, डबी बघा, कारण पुष्कळदा ती बाहेरच पडलेली असते आणि सुकून प्लॅस्टिकच्या कपच्यासारखी कडक झालेली असते.

माझ्या भाचीचं सांगते, टिळकवाडीतल्या घरी रात्री अकराच्या सुमाराला तिनं हाक मारली, "मावशी, लेन्स आत गेली, काढ की गं!" ती नखानं शोधत होती, डोळा लाल. पहिलं तिचा हात धरला. दोघींनी साबणानं हात धुतले, स्वच्छ टॉवेलला पुसले, आणि डोळ्यात लेन्सवर चालणारे ओलाव्याचे ड्रॉप्स दोन-तीन थेंब घालून डोळा मिटून पाच मिनिटं गप बसवलं, कारण कोरडी लेन्स चिकटलेली असते आणि ओढली तर वरचा नाजूक थर सोलवटतो. मग मिटलेल्या वरच्या पापणीवर बोटाच्या पेरानं अगदी हलकं, वरून खाली आणि नाकाच्या बाजूला चोळलं. काही नाही. परत थेंब घातले, तिला खाली जमिनीकडं बघायला लावलं आणि पापणी केसांपाशी धरून वर उचलली, तर पांढऱ्यावर निळसर घडी कोपऱ्यात दिसली. परत मिटून चोळलं तेव्हा ती खाली सरकली आणि दोन बोटांच्या पेरांनी चिमटून निघाली. मधोमध चीर होती, त्यामुळं तुकडा राहिला नाही ना म्हणून ती उजेडाखाली तळहातावर पसरून पूर्ण गोल आहे का ते बघितलं.

यात नळाचं पाणी चालत नाही, विहिरीचं, बोअरचं तर नाहीच, कारण पाण्यात अकांथअमीबा नावाचा जीव असू शकतो आणि तो लेन्स घातलेल्या डोळ्यात गेला की बुबुळाचं फार वाईट इन्फेक्शन करतो. हायड्रोजन पेरॉक्साइडवालं लेन्सचं सोल्युशनही डोळ्यात घालायचं नाही, त्यानं भाजतं. लेन्स कडक प्रकारची असेल तर वरून जोरात दाबू नका, ती पांढऱ्यावर चिकटून बसते, ती डॉक्टरकडनंच काढून घ्या.

फसवणारी गोष्ट ही की लेन्स पडून गेलेली असली तरी बुबुळावर ओरखडा असेल तर आत काहीतरी आहे असं वाटतच राहतं, आणि शोधून शोधून ओरखडा वाढवतो आपण. दोन-तीनदा प्रयत्न करून मिळाली नाही तर थांबा. खूप दुखणं, उजेड सहन न होणं, पू येणं, नजर कमी होणं यातलं काही असेल तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. ते वरची पापणी उलटी करतात, फ्लुरेसिनचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात, मऊ लेन्स तो रंग शोषून हिरवी-पिवळी चमकते आणि ओरखडाही दिसतो.

दुखत नाही म्हणून आत राहू दे असंही चालत नाही. 2017 मध्ये ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी 67 वर्षांच्या एका बाईंची केस छापली, मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी त्यांच्या एका डोळ्यात 17 लेन्सचा गोळा आणि नंतर आणखी 10 सापडल्या, आणि त्यांना वाटत होतं कोरडेपणा आणि वयामुळंच खुपतंय. लेन्स निघाली की ती लगेच परत घालू नका, फाटकी असेल तर टाकून द्या, आणि लाली पूर्ण जाईपर्यंत चष्माच वापरा.