सिम कार्डाची पार्श्वभूमी: दहा वर्षांच्या मुलाला सांगता येईल अशी

‘सिम कार्डात आपला फोन नंबर असतो,’ हे उत्तर मुलांना सर्रास दिलं जातं. ते सोयीचं आहे, पण सिमचं खरं काम त्यातून कळत नाही. नंबर कोणाला द्यायचा हे मोबाइल कंपनीच्या वहीत ठरतं. ‘मी तोच आहे’ हे दर वेळी सिद्ध करणं, हे सिमचं काम. ही गरज का पडली, ते सिमच्या आधीच्या फोनवरून समजतं.

१९८० च्या दशकातल्या मोबाइलमध्ये सिम नव्हतंच. ग्राहकाचा नंबर आणि फोनचा अनुक्रमांक हँडसेटमध्येच भरलेला असे. कॉल लावताना फोन हे दोन्ही आकडे टॉवरला उघडपणे सांगायचा.

आता मुलाला एक गुप्त क्लब डोळ्यांसमोर आणायला सांगा. दार बंद आहे, आत पहारेकरी आहे. बाहेरचा मुलगा मोठ्याने ओरडतो, ‘मी सभासद १२!’ आणि दार उघडतं. कोपऱ्यावर उभ्या असलेल्या कोणीही हे ऐकावं आणि उद्या तेच ओरडून आत जावं. अमेरिकेत १९९० च्या दशकात नेमकं हेच झालं. चोर रेडिओ यंत्रं लावून हवेतले आकडे टिपायचे, दुसऱ्या फोनमध्ये भरायचे आणि बिल मूळ मालकाला यायचं.

युरोपात १९८० च्या दशकातच जीएसएम ही नवी पद्धत आखली जात होती. तिने ओळख फोनमधून काढून वेगळ्या चिपवर ठेवली. म्युनिकच्या गीसेके अँड डेव्हरिएंट कंपनीने १९९१ मध्ये पहिली ३०० सिम कार्डं फिनलंडच्या रेडिओलिंजा या मोबाइल कंपनीला दिली. तेव्हाचं कार्ड बँकेच्या कार्डाएवढं होतं. पुढे कडेचं प्लॅस्टिक छाटत छाटत ते १२.३ × ८.८ मिलिमीटरवर आलं, आणि ई-सिममध्ये तर वेगळं कार्डच उरलं नाही.

आकारापेक्षा महत्त्वाची होती दारावरची नवी रीत. प्रत्येक सभासदाला एक गुप्त आकडा मिळतो. तो फक्त त्याला आणि पहारेकऱ्याला माहीत, आणि तो कधीच उच्चारायचा नाही. समजा, आकडा ३७. पहारेकरी म्हणतो, ‘५८.’ मुलगा मनात गुणाकार करतो, ३७ × ५८ = २१४६, आणि फक्त शेवटचे दोन अंक सांगतो: ४६. आत पहारेकऱ्यानेही तेच गणित केलेलं असतं. उत्तर जुळलं की दार उघडतं. उद्या तो ९१ विचारेल आणि उत्तर ६७ येईल. कालचं ४६ आज कुचकामी.

सिम हेच करतं. कार्डात दोन आकडे असतात: एक १५ अंकांपर्यंतचा सभासद क्रमांक, जो सांगितला जातो, आणि दुसरा गुप्त, जो चिपच्या बाहेर पडत नाही. टॉवरकडून प्रश्न येतो, गणित चिपच्या आत होतं आणि बाहेर फक्त उत्तर जातं. फोन नुसता निरोप्या.

हुशार मूल इथे अडवेल, आणि अडवावंच: ‘मी सगळे आकडे करून बघीन!’ बरोबर आहे. ५८ ला ४६ हे उत्तर १ ते ९९ मध्ये दोनच आकडे देतात, ३७ आणि ८७. दुसऱ्या दिवशी ८७ गळतो, कारण ८७ × ९१ = ७९१७, म्हणजे उत्तर १७ आलं असतं. दोन दिवसांत गुपित फुटलं! म्हणून खऱ्या सिममधला गुप्त आकडा १२८ बिटांचा, म्हणजे ३९ अंकांपर्यंतचा असतो आणि गणितही साध्या गुणाकाराचं नसतं.

तरीही एकदा गणितच कच्चं निघालं. अनेक कंपन्या वापरत असलेली COMP128 ही पद्धत १९९८ मध्ये संशोधकांनी फोडली. कार्ड हाती आलं की त्याला निवडक प्रश्न विचारायचे, सुमारे दीड लाख. काही तासांत गुप्त आकडा मिळायचा आणि जुळं कार्ड बनवता यायचं. त्यानंतर पक्क्या पद्धती आल्या. थ्रीजीपासून पहारेकऱ्यालाही आपण खरे असल्याचं सिद्ध करावं लागतं, कारण टूजीमध्ये खोटा टॉवर उभारून फोनला फसवता येत होतं.

आता नंबराकडे. कार्ड हरवलं की नवं मिळतं, त्यात सभासद क्रमांक सहसा नवा आणि गुप्त आकडाही नवा. कंपनी वहीत फक्त जुना फोन नंबर नव्या सभासदापुढे लिहिते. त्या क्षणी जुनं कार्ड निकामी होतं. फसवणूकही इथेच होते: गणित न फोडता, खोटी कागदपत्रं दाखवून वहीतली नोंद बदलून घ्यायची. शेजारच्या फोनवर त्याच कंपनीचं नेटवर्क आहे, फोन बंद करून चालू केला, कार्ड काढून घातलं, तरी आपल्याच फोनवर नेटवर्क येत नाही, असं झालं तर दुसऱ्या फोनवरून कंपनीला लगेच विचारावं: या नंबरावर नवं सिम दिलं गेलंय का? उत्तर ‘हो’ आलं, तर तो नंबर ताबडतोब बंद करायला सांगावा आणि पुढचा फोन बँकेला करावा, कारण बँकेचे ओटीपी आता दुसऱ्याच कार्डावर जाऊ शकतात.