आद्याक्षरी शब्द

अनेक शब्दांची पहिली अक्षरे जोडून तयार झालेले आणि पुढे सर्वसामान्य नामासारखे रुळलेले शब्द. एलआयसी हे लघुरूप आपण अक्षरांची नावे घेत वाचतो. लेझर, रडार, स्कूबा मात्र एका दमात, शब्द म्हणून उच्चारतो. युनेस्कोही तसेच उच्चारले जाते, पण ते एका संस्थेचे विशेषनामच राहिले आहे.

लेझरचा जन्म कागदावर सापडतो. १९५७ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ गॉर्डन गूल्ड यांनी आपल्या वहीत हे नाव पूर्ण रूपासह लिहिले: लाइट ॲम्प्लिफिकेशन बाय स्टिम्युलेटेड एमिशन ऑफ रेडिएशन. ‘बाय’ आणि ‘ऑफ’ वगळून उरलेल्या पाच शब्दांची पाच रोमन अक्षरे घेतली की laser होते. साचा आधीच्या ‘मेझर’चा होता, तिथे लाइटऐवजी मायक्रोवेव्ह होते. प्रत्यक्ष उपकरण थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये चालवून दाखवले. पुढे शास्त्रज्ञांनी शेवटचा ‘र’ इंग्रजीतला कर्तृवाचक प्रत्यय धरून lase हे क्रियापद काढले. तो ‘र’ खरे तर रेडिएशनचा. म्हणजे बोलणाऱ्यांच्या मनातून आद्याक्षरे पुसली गेली होती. शब्द पुरता रुळल्याची याहून पक्की खूण मला माहीत नाही.

मराठीत अशी ओळख आणखी अवघड होते, कारण देवनागरीत मोठी लिपी नाही. रोमनमध्ये RADAR असे लिहिलेले दिसले तर शंका तरी येते. ‘रडार’ पाहून येत नाही. त्याला विभक्ती लागते, ‘तपासयंत्रणेच्या रडारवर’ असा लाक्षणिक वापरही होतो. तारकर्लीला ‘स्कूबा करायला’ जाणारा पर्यटक श्वसनाच्या उपकरणाचे नाव त्या क्रीडेलाच देतो, तेही याच वाटेने. दुसरी खूण द्विरुक्तीची. पिनकोड हा १५ ऑगस्ट १९७२ पासून टपालात आला. त्यातला पिन म्हणजे पोस्टल इंडेक्स नंबर, टाचणीशी त्याचा संबंध नाही. ‘पिन नंबर’ म्हणताना नंबर दोनदा येतो आणि कानाला खटकत नाही.

उलट चूकही होते. ‘न्यूज’ म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हे शाळेपासून ऐकवले जाते. ते खोटे आहे: इंग्रजीत हा शब्द ‘न्यू’पासून आला आणि कित्येक शतके जुना आहे, तर आद्याक्षरे जोडून शब्द घडवण्याची चाल विसाव्या शतकात, मुख्यतः महायुद्धांच्या काळात फोफावली. म्हणून पूर्ण रूप कितीही चपखल वाटले तरी आधी शब्दाचे वय पाहावे. मग ते पूर्ण रूप शब्दाच्या जन्माच्या वेळच्या लिखाणात सापडते का, ते शोधावे. लेझरचे गूल्ड यांच्या वहीत सापडते.