किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा आणि नियंत्रण

साधारण १३ ते १९ या वयातल्या प्रेमसंबंधात एका जोडीदाराने दुसऱ्याला मारणे, धमकावणे, लैंगिक जबरदस्ती करणे किंवा त्याच्या रोजच्या जगण्यावर ताबा ठेवणे, याला किशोरवयीन प्रेमसंबंधांतील हिंसा म्हणतात. मारहाण चटकन ओळखू येते, पण पुष्कळदा ती उशिरा सुरू होते. त्याआधी कित्येक महिने ताबा चाललेला असतो आणि तो काळजीच्या भाषेत बोलतो. त्यामुळे ज्याच्यावर तो चालतो, त्यालाही तो हिंसा वाटत नाही. समुपदेशकाकडे ही तक्रार घेऊन जवळजवळ कुणी येत नाही, विषय त्यालाच काढावा लागतो. तो कसा काढावा, हा या नोंदीचा मुख्य भाग आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार, कधी ना कधी जोडीदार असलेल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे २४ टक्के मुलींनी जोडीदाराकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसली आहे. या आकड्यात लवकर लग्न झालेल्या मुलीही येतात, हे लक्षात ठेवायला हवे. महाराष्ट्रात हा विषय लोकांच्या मनात वेगळ्याच रूपाने बसला आहे. १९९० मध्ये उल्हासनगरात दहावीच्या परीक्षेला बसलेल्या मुलीला वर्गातच जाळण्यात आले, तेव्हापासून ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ ही वर्तमानपत्रांची ठरलेली ओळ झाली. त्यामुळे धोका नाकारलेल्या मुलाकडून असतो, अशी समजूत पक्की झाली. जिने होकार दिला आहे आणि जी त्याच माणसाला घाबरते, ती मुलगी या समजुतीत कुठेच बसत नाही.

ताबा कसा वाढतो हे तपशिलात पाहावे लागते, कारण एकेक गोष्ट सुटी घेतली तर किरकोळ वाटते. सुरुवातीला फोनचा पासवर्ड विश्वास म्हणून मागितला जातो. मग लाइव्ह लोकेशन कायम सुरू ठेवायचे ठरते. ‘ऑनलाइन होतीस, मग रिप्लाय का नाही?’ हा प्रश्न रोजचा होतो. क्लासला पोहोचल्यावर व्हिडिओ कॉल करून शेजारी कोण बसले आहे ते दाखवावे लागते. डीपी कोणता ठेवायचा, कोणत्या मैत्रिणीशी बोलायचे नाही, स्नेहसंमेलनात नाचायचे की नाही, हे तो ठरवू लागतो. मुलगी एकेका माणसापासून तुटत जाते, आणि भांडण झाले तर सांगायला कुणी उरत नाही. तिने दूर व्हायचे म्हटले की तो हाताची नस कापल्याचा फोटो पाठवतो. आता त्याच्या जिवाची जबाबदारी तिच्यावर येते.

मुलीही मुलांचे फोन तपासतात, मुलांवर पाळत ठेवतात, आणि त्याचाही त्रास होतो. पण इजा, लैंगिक सक्ती आणि भीती यांचा भार मुलींवर जास्त पडतो. समलिंगी संबंधात ‘तुझ्या घरी सांगून टाकीन’ ही एकच धमकी पुरेशी असते. खरे तर आपल्याकडे हीच धमकी सगळ्याच मुलींना लागू पडते. प्रेमप्रकरण घरी कळले तर फोन काढून घेतील, कॉलेज बंद होईल, घाईघाईने स्थळ पाहतील, हे मुलीला ठाऊक असते आणि मुलालाही. दोघांनी काढलेला एक साधा सेल्फी भावाला पाठवण्याची धमकी म्हणूनच चालते. घराचा धाक जितका मोठा, तितकी जोडीदाराची पकड घट्ट. पालकांना हे ऐकायला कठीण जाते, पण समुपदेशनाच्या खोलीत हे पुन्हा पुन्हा दिसते.

राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाला. त्यात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत आणि आरोग्य केंद्रांत समुपदेशन मिळते. महाराष्ट्रात या केंद्रांना मैत्री क्लिनिक म्हणतात. मुली तिथे अनियमित पाळी, अंगावरून पांढरे जाणे, अशक्तपणा, मुरुमे, अभ्यासाचा ताण अशा कारणांनी येतात. अशा मुलीला एकदम ‘तुझा बॉयफ्रेंड आहे का? तो मारतो का?’ असे विचारले, तर उत्तर ‘नाही’ असेच येते. आधी संबंध असल्याचेच कबूल करायचे, मग त्यात काही चुकते आहे असे म्हणायचे, आणि हे सगळे अनोळखी माणसासमोर. शिवाय तो मारत नसेल, तर तिचे ‘नाही’ खरेही असते.

यावर एक वेगळी वाट कॅलिफोर्नियातल्या शाळांच्या आरोग्य केंद्रांत तपासली गेली. बालरोग आणि किशोर आरोग्याच्या संशोधक एलिझाबेथ मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात १४ ते १९ वयाचे हजाराहून अधिक विद्यार्थी होते. या पद्धतीत संशय असलेल्यालाच प्रश्न विचारायचा नसतो. प्रत्येकालाच, तपासणी कशासाठीही असो, निरोगी संबंध कसा असतो याची थोडक्यात माहिती आणि पाकिटात मावेल एवढे एक पत्रक द्यायचे, तेही ‘तुझ्या मित्रमैत्रिणींना उपयोगी पडेल’ असे म्हणून. सांगण्याची सक्ती नाही. सरसकट सर्वांची वागणूक पालटली, असे निष्कर्ष नव्हते. पण लैंगिक सक्ती ओळखता येण्यात सुधारणा दिसली, आणि जे आधीच त्रासात होते त्यांच्यातला त्रास तीन महिन्यांनी कमी आढळला. माझ्या मते या पद्धतीचे मोल यात आहे की मुलीने एक शब्दही न उच्चारता तिच्या हाती काहीतरी पडते.

आपल्याकडे मात्र विषय काढण्याआधी गोपनीयतेची मर्यादा सांगणे अटळ आहे. बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या कायद्यात, म्हणजे पॉक्सोमध्ये, १८ वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि त्याच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही. कलम १९ नुसार असा गुन्हा घडल्याचे कळलेल्या व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलेच पाहिजे, न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणजे १६ वर्षांच्या मुलीने शरीरसंबंधाचा उल्लेख केला, तर समुपदेशकाला गप्प राहता येत नाही, मग तो संबंध तिच्या मनाने असो वा नसो. ‘सगळं तुझ्या-माझ्यातच राहील’ असे वचन देऊन बोलते करणे ही फसवणूक ठरते. एकदा असे घडले की त्या कॉलेजमधली एकही मुलगी पुन्हा त्या खोलीत येत नाही.

प्रत्यक्षात हे कसे चालते, ते दाखवण्यासाठी रचलेले एक उदाहरण असे. अकरावीतली १६ वर्षांची मुलगी डोकेदुखी आणि अनियमित पाळी घेऊन आईबरोबर आली आहे. समुपदेशक ताई आईला म्हणतात, “काकू, प्रत्येक मुलीशी आम्ही थोडा वेळ एकटीशी बोलतो, तशी पद्धतच आहे. तुम्ही बाहेर बसा.” पद्धत म्हटल्यामुळे आईला शंका येत नाही. मग मुलीला: “तू जे सांगशील ते मी आईला सांगणार नाही. पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका असेल, किंवा १८ च्या आतल्या कुणाशी लैंगिक काही घडलं असेल, तर मला ते पुढे कळवावं लागतं. म्हणून आधीच सांगते, म्हणजे काय बोलायचं ते तुला ठरवता येईल.”

झोप, जेवण, कॉलेज, मैत्रिणी असे सोपे विषय आधी येतात. त्यानंतर ताई पत्रक पुढे करतात. “हे आम्ही सगळ्यांनाच देतो. काही मुलामुलींचे जोडीदार सतत फोन तपासतात, कुठे आहेस ते दाखवायला लावतात. तुझ्या ओळखीत कुणाचं असं असेल तर दे.” मुलगी पत्रक उलटसुलट करते. “माझ्या मैत्रिणीचं असंच आहे. ती क्लासलापण फोन सायलेंट नाही करत.” “उचलला नाही तर?” “तो बिल्डिंगखाली येऊन उभा राहतो. मग आई विचारते कोण आहे. म्हणून मी उचलतेच.” ‘ती’ची ‘मी’ झाली आहे. ताई ते बोलून दाखवत नाहीत. त्या विचारतात, “त्याला एखाद्या गोष्टीला नाही म्हटलं, तर काय होतं?” मारतो का, या प्रश्नापेक्षा हा प्रश्न पुष्कळ उघड करतो, कारण नियंत्रण असलेल्या संबंधात ‘नाही’ची किंमत मोजावी लागते. मुलगी सांगते की तो सेल्फी दादाला पाठवीन म्हणतो, आणि एकदा रिक्षातून उतरताना त्याने मनगट पिरगळले होते.

इथे ‘त्याला सोडून दे’ असे म्हणणे ही सर्वांत नेहमीची चूक आहे. संबंध तोडण्याचा काळच जास्त धोक्याचा असतो, आणि संबंध तोडता आला नाही तर मुलगी लाजेने परत येत नाही. ताई एवढेच म्हणतात, “तो असं वागतो यात तुझी चूक नाही.” मग दोघी लहान लहान गोष्टी ठरवतात. लोकेशन एकदम बंद केले तर तो भडकेल, म्हणून ते लगेच करायचे नाही. त्याचे धमकीचे मेसेज पुसायचे नाहीत. त्याला एकांतात भेटायचे नाही. घरात कुणाला सांगता येईल, यावर मुलगी मावशीचे नाव घेते. पुढची तारीख कागदावर हिमोग्लोबिन तपासणीसाठी म्हणून दिली जाते आणि ती तपासणी खरोखर होते. घरी फोन करायचा नाही, हेही ठरते. चाइल्डलाइनचा १०९८ हा क्रमांक तिला पाठ करायला सांगतात. या प्रकरणात पाठलागाचा भाग पॉक्सोच्या कलम ११ मध्ये बसतो का, हे त्यामागच्या हेतूवर ठरते. त्यासाठी ताई मुलीचे नाव न घेता वैद्यकीय अधिकाऱ्यांशी बोलतात.

काही खुणा दिसल्या तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहायची नसते: गळा दाबणे, ॲसिडची किंवा पेट्रोलची धमकी, हत्यार दाखवणे, मुलीच्या मनात आत्महत्येचे विचार. गळ्यावर वळ दिसला नाही म्हणजे गळा दाबला नव्हता असे नाही. आवाज बसणे, गिळताना दुखणे हेही विचारावे लागते. दोघांना एकत्र बसवून समेट घडवणे या विषयात घातक आहे, कारण खोलीत बोललेल्या प्रत्येक वाक्याचा हिशेब नंतर बाहेर घेतला जातो.

कायद्याचा आधार अपुरा आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा एकाच घरात राहिलेल्यांना लागू होतो, त्यामुळे कॉलेजातल्या जोडप्याला त्यातले संरक्षण आदेश मिळत नाहीत. मुलीचा पाठलाग आणि तिच्या ऑनलाइन वावरावर पाळत यांसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ७८ आहे. मुलगाही १८ खालचा असेल, तर प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जाते.

ताबा ठेवणारा मुलगा स्वतःहून समुपदेशकाकडे येणे दुर्मीळ, म्हणून त्याच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने जावे लागते. मुंबईत ‘परिवर्तन’ या उपक्रमात शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांना तयार करण्यात आले. मूळ अमेरिकी उपक्रम तिथल्या खेळांच्या प्रशिक्षकांसाठी होता, इथे तो क्रिकेटला जुळवून घेतला. सरावाच्या वेळी सर मुलांशी मुलींचा मान, शिवीगाळ, चेष्टा आणि सक्ती यांविषयी थोडे थोडे बोलत. मूल्यमापनात मुलांच्या समजुतींत फरक दिसला. प्रत्यक्ष वागणुकीत तेवढा ठाम फरक सिद्ध झाला नाही.